मुलीच्या बैठ्या उंचीवरून अभ्यासाचे टेबल आणि खुर्ची किती उंच करावी?

वाघूरकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. आमची मुलगी यंदा चौथीत गेली. आजवर ती कधी पलंगावर पालथी पडून, तर कधी जेवणाच्या टेबलाशी गुडघ्यांवर उभी राहून लिहीत आली, म्हणून आता तिच्यासाठी स्वतंत्र टेबल-खुर्ची करवून घ्यायचे ठरवले आहे. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या मिस्त्रींना बोलावले, तर त्यांनी मुलीकडे पाहिलेसुद्धा नाही. "टेबल अडीच फूट, खुर्ची दीड फूट, हे माप ठरलेले असते," असे म्हणून त्यांनी टेप खिशात टाकला. मुलगी अजून लहान आहे असे मी म्हटले, त्यावर "पोर वाढी जाई ना ताई" एवढेच उत्तर मिळाले.

मुलाची बैठी उंची, म्हणजे ताठ बसल्यावर बैठकीपासून डोक्यापर्यंतची उंची, मोजावी आणि खुर्चीच्या बैठकीपासून टेबलाच्या फळीपर्यंतचे अंतर तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढे ठेवावे, असे मी मागे कुठेतरी वाचले होते. त्याप्रमाणे काल मोजमाप केले. मुलीची उभी उंची १३२ सेंमी आहे आणि स्टुलावर बसवून मोजलेली बैठी उंची ६६ सेंमी भरली. म्हणजे अंतर २२ सेंमी आले. मिस्त्रींच्या मापात मात्र हेच अंतर एक फूट, म्हणजे ३० सेंमी होते. हा हिशेब खरोखर धरण्याजोगा आहे का, आणि असल्यास जमिनीपासून टेबल व खुर्ची किती उंच घ्यावी, हे जाणकारांनी सांगावे. लाकूड अजून कापलेले नाही.

पांझरा

मी धुळ्याचा, सध्या पुण्यात नोकरीला आहे. आमच्या कार्यालयात यावर एक व्याख्यान झाले होते, त्यावरून सांगतो. बैठी उंची वगैरे मोजण्याची आवश्यकता नाही. खुर्चीवर ताठ बसून दंड अंगालगत सोडावेत, कोपर काटकोनात दुमडावे, आणि कोपराच्या खालच्या टोकाशी टेबलाचा पृष्ठभाग यावा. हे माप थेट शरीरावरून घेतलेले असल्यामुळे भागाकारापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे.

केळीवाले नाना (रावेर)

वाघूरकाठ ताई, मीही पंचवीस वर्षे केळीच्या वखारीत लाकडी खुर्चीवर बसून हिशेब लिहितो आहे आणि माझी कंबर कायमची धरली आहे. माझी बैठी उंची काढायची झाली तर पोटाचा घेर वजा करावा लागेल काय? मला आधी हे सांगा की खुर्ची बदलावी की टेबल, कारण दोन्ही बदलण्याइतका भाव यंदा केळीला मिळालेला नाही.

खापरपुरी

नाना, धागा चौथीतल्या मुलीचा आहे, आणि तुमची चौथी होऊन बराच काळ लोटला आहे.

सागवान (अमळनेर)

ताई, मी तीस वर्षे लाकूडकाम शिकवले आणि शाळांसाठी बाके करून दिली आहेत, त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

तिसऱ्या हिश्शाचा नियम खरा आहे. जपानमध्ये तो फार रूढ आहे, कारण तिथे शाळेच्या आरोग्य तपासणीत मुलांची बैठी उंची १९३७ पासून नोंदवली जात होती आणि २०१६ मध्ये ती सक्ती थांबली. आकडा घरोघर हाताशी असल्यामुळे फर्निचर करणाऱ्यांनी त्यावरून हिशेब बसवला. मात्र तो नियम केवळ बैठक आणि टेबल यांच्यातील अंतर सांगतो. जमिनीपासून बैठक किती उंच असावी, हे बैठ्या उंचीत येत नाही, कारण त्या उंचीत पाय मोजलेलेच नसतात. त्यासाठी मुलीला अनवाणी बसवून तळपायापासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतचे माप वेगळे घ्यावे लागेल.

त्याआधी एक शंका विचारतो. तुम्ही दिलेली बैठी उंची उभ्या उंचीच्या बरोबर निम्मी आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांमध्ये ती सहसा निम्म्याहून थोडी अधिक, साधारण ५२-५३ टक्के असते. काही मुले लांब पायांची असतात, त्यामुळे ६६ अशक्य नाही, परंतु मोजण्यात चूक होण्याचा संभव अधिक वाटतो. मुलीला कशावर बसवले होते, ते सांगावे.

वाघूरकाठ

सागवान सर, गोल गादीच्या स्टुलावर बसवले होते. जमिनीपासून डोक्यापर्यंत १११ सेंमी भरले आणि स्टूल ४५ सेंमी होते, ते वजा केले. स्टूल मी नंतर मोजले, ती उठल्यावर.

सागवान

तिथेच चूक झाली. ती बसल्यावर गादी दबली आणि तिच्यासोबत तिचे डोकेही खाली आले, पण वजाबाकी मात्र न दबलेल्या गादीची झाली. जेवढी गादी दबली, तेवढी उंची तुम्ही तिच्याकडून काढून घेतलीत.

कडक फळीच्या स्टुलावर किंवा पालथ्या घातलेल्या सपाट डब्यावर तिला भिंतीशी बसवावे. ढुंगण भिंतीला टेकलेले असावे, मांड्या जमिनीला समांतर असाव्यात आणि पाय लोंबकळत असतील तर खाली वीट द्यावी, कारण पाय अधांतरी असले की मुले कंबर सैल सोडतात. नजर समोर ठेवायला सांगून डोक्यावर जाड पुस्तक आडवे धरावे, त्याची कड भिंतीला काटकोनात टेकवावी आणि तिथे पेन्सिलीची खूण करावी. एकदा मोजल्यावर तिला उठवून पुन्हा बसवावे. दोन मापांत अर्ध्या सेंमीहून जास्त फरक आला, तर तिसऱ्यांदा मोजावे.

खापरपुरी

आमच्या चिरंजीवांची बैठी उंची हातात मोबाइल असताना आणि नसताना अशी दोनदा मोजली, तर चार सेंमीचा फरक आला. टेबल कोणत्या उंचीवरून करावे?

सागवान

मोबाइल नसतानाच्या. टेबल लिहिण्यासाठी करायचे आहे.

आता पांझरा यांच्या मुद्द्याकडे येतो. कोपराच्या पातळीचा नियम टंकलेखनासाठी योग्य आहे, कारण त्या कामात दंड अंगालगत राहतात. लिहिताना तसे घडत नाही. मूल वही पुढे ओढते, हात पुढे आणि थोडा बाहेर जातो, आणि दंड खांद्यापासून पुढे झुकला की कोपर आपोआप वर उचलले जाते. स्वतः करून पाहावे: खुर्चीवर बसून कोपर अंगालगत धरा, मग लिहिण्याच्या स्थितीत न्या आणि कोपर किती वर आले ते मोजा. लहान मुलांमध्ये ते तीन ते पाच सेंमी वर येते. टेबल कोपराच्या पातळीत केले तर हात टेकवण्यासाठी मुलाला तेवढे खाली यावे लागते आणि पाठीला पोक येतो. बैठ्या उंचीचा तिसरा हिस्सा काढला की ही उचल त्यात धरलेलीच असते.

पांझरा

तुमचे म्हणणे आत्ताच करून पाहिले. माझे स्वतःचे कोपर साडेचार सेंमी वर आले, तेव्हा त्या बाबतीत मी माघार घेतो. तरीही कोपराचे माप आणि वर चार सेंमी, असा हिशेब केला तरी तेच उत्तर येईल की नाही?

सागवान

बरेचदा येईल. फक्त कोपराचे माप घेताना मुले खांदे उचलून धरतात आणि दोन सेंमी सहज वाढवून ठेवतात, आणि ती दोन्ही सेंमी जशीच्या तशी टेबलात उतरतात. बैठ्या उंचीत तीन सेंमीची चूक झाली तर टेबलात ती एकच सेंमी होते, कारण आपण तिनाने भागतो. तिसऱ्या हिश्शाचा हा फायदा मला मोठा वाटतो. दोन्ही मापे घेऊन ती एकमेकांशी जुळतात का, हे पाहणे सर्वांत उत्तम.

वाघूरकाठ

आज पाटावर विटा रचून, सांगितल्याप्रमाणे दोनदा मोजले. बैठी उंची ६९ आणि ६९.३ आली. तळपायापासून लवणीपर्यंत ३३ सेंमी. कोपर बैठकीपासून १८ सेंमीवर आहे.

सागवान

आता आकडे एकमेकांशी बोलू लागले. ६९ चा तिसरा हिस्सा २३. कोपराच्या १८ मध्ये उचल मिळवली तर २१ ते २३ येते, म्हणजे मेळ बसतो. बैठक ३३ आणि त्यावर २३, म्हणून टेबल ५६ सेंमी. मिस्त्रींना इंचांत सांगायचे असेल तर सोपे आहे: खुर्ची तेरा इंच, टेबल बावीस इंच. अडीच फुटी टेबल आठ इंच जास्त उंच ठरले असते.

गुरुजी (साक्री)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. उभ्या उंचीचा चौथा हिस्सा म्हणजे खुर्चीची उंची, असाही एक नियम ऐकला होता आणि वाघूरकाठ ताईंच्या मुलीला तो अचूक लागू पडतो, कारण १३२ भागिले ४ म्हणजे ३३. म्हणून आज माझ्या वर्गातील अगदी एकाच उंचीच्या, १३८ सेंमीच्या, दोन मुलांना मोजून पाहिले. पहिल्याची बैठी उंची ६९ आणि लवणीपर्यंतचे माप ३७ आले. दुसऱ्याची बैठी उंची ७४ आणि लवणीपर्यंत साडेचौतीस. चौथ्या हिश्शाच्या नियमाने दोघांना साडेचौतीसचीच खुर्ची मिळाली असती. दुसऱ्याला ती बरोबर बसली असती आणि पहिल्याचे गुडघे वर आले असते.

पण खरी गंमत पुढे आहे. टेबलाचा हिशेब केला तर पहिल्याला ३७ अधिक २३, म्हणजे ६० सेंमी, आणि दुसऱ्याला साडेचौतीस अधिक पावणेपंचवीस, म्हणजे एकोणसाठ-सव्वाएकोणसाठ. पाय लांब असले की बैठक वर जाते, आणि धड आखूड असल्यामुळे वरचे अंतर कमी होते. दोन्ही एकमेकांना जवळजवळ फेडून टाकतात. टेबल दोघांना एकच चालेल, खुर्च्या मात्र वेगळ्या हव्यात. आपण नेमके उलटे करतो आणि टेबलावर वाद घालून खुर्ची मिळेल ती आणतो.

सागवान

गुरुजी, हे निरीक्षण फार मोलाचे आहे. युरोपीय मानकातही, ई.एन. १७२९ मध्ये, ११९ ते १४२ सेंमी उंचीच्या मुलांना एकच माप दिले आहे: बैठक ३५ आणि टेबल ५९. म्हणजे अंतर २४. पुढच्या मापाच्या बाकाची पट्टी १३३ पासूनच सुरू होते, कारण सारख्या उंचीची मुले सारखी नसतात हे त्यांनी गृहीत धरले आहे. त्या आकड्यांत बुटाची जाडी धरलेली असते, हेही ध्यानात ठेवावे. आपली मुले घरी अनवाणी बसतात, म्हणून ताईंच्या तेरा इंचांत मी बूट मिळवलेला नाही.

चोपडेकर

आमच्याकडे आजोबांचे पेढीवरचे ढाळते डेस्क आहे. गादीवर मांडी घालून ते त्यावर खतावणी लिहीत. पुढची कड गादीपासून दहा इंच आणि मागची चौदा इंच आहे. मांडी घालून बसणाऱ्याला हा तिसऱ्या हिश्शाचा नियम लागू होतो का? आणि मोजायचे ते पुढच्या कडेला की मधोमध?

सागवान

धड तेच आणि हात तेच, त्यामुळे नियम तोच, फक्त बैठकीऐवजी दबलेल्या गादीपासून मोजावे. अडचण गुडघ्यांची येते. मांडी घातल्यावर गुडघे बाहेर पसरतात आणि डेस्कखाली जात नाहीत, म्हणून डेस्क पुढे सरकते आणि माणूस त्यावर वाकतो. उतार असेल तर मी पुढच्या कडेला मोजतो, कारण कोपर तिथे टेकते.

गुरुजी

या बाबतीत माझे मत वेगळे आहे. आमच्या शाळेत पहिली-दुसरीची मुले बसकर पट्टीवर बसतात आणि पुढ्यात छोटी ढाळती डेस्के असतात. त्यांची कोपरे कडेवर नसतात, तर मनगट डेस्कच्या मध्यावर असते. पुढच्या कडेला मोजून केलेले डेस्क मनगटाशी दोन इंच उंच पडते.

सागवान

लहान मुलांच्या आखूड हातांचा विचार केला तर तुमचे म्हणणे खरे असू शकेल. मी उतरती बाके मोठ्या मुलांसाठीच केली आहेत.

फिजिओ_भुसावळ

मी भौतिकोपचार तज्ज्ञ आहे आणि परीक्षेच्या दिवसांत मान धरलेली मुले माझ्याकडे नेहमी येतात. वरील हिशेबाशी मी सहमत आहे. मात्र त्यातून निसटलेले एक माप सांगते, कारण ते बैठ्या उंचीवरून किंवा उभ्या उंचीवरून काढताच येत नाही. ते म्हणजे बैठकीची खोली, अर्थात पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतचे अंतर. मिस्त्री लोक खुर्ची बुटकी करून देतात, पण बैठकीची फळी मोठ्यांच्याच मापाची, सोळा-सतरा इंच ठेवतात. मूल त्या खुर्चीत पाठ टेकवून बसले की फळीची कड लवणीत रुतते, म्हणून ते पुढे सरकून बसते आणि पाठीला आधार उरत नाही. मुलीला पाठ टेकवून बसवल्यावर फळीची कड आणि लवण यांच्यामध्ये दोन-तीन बोटे सहज गेली पाहिजेत. वाघूरकाठ ताईंनी भिंतीपासून लवणीपर्यंत आडवे माप घ्यावे आणि त्यातून चार-पाच सेंमी कमी करून फळी कापायला सांगावी.

वाघूरकाठ

आडवे माप ३७ आले, म्हणजे फळी ३२ ते ३३. साडेबारा-तेरा इंच. हे तर कुणी सांगितलेच नसते.

पांझरा

आता माझी व्यावहारिक शंका मांडतो. बावीस इंची टेबल दोन वर्षांत निकामी होईल. त्यापेक्षा टेबल नेहमीच्या ७६ सेंमीचे करावे आणि खुर्चीच उंच घ्यावी. वाघूरकाठ ताईंच्या मुलीला ७६ वजा २३, म्हणजे ५३ सेंमीची बैठक आणि ५३ वजा ३३, म्हणजे २० सेंमीची पायटेक दिली की काम झाले. मुलगी वाढेल तशी पायटेक कमी करत जायची. मी घरी असेच केले आहे. मुलगा पाचवीत आहे, उंची १४० आणि बैठी ७३, त्याला कार्यालयीन फिरती खुर्ची पूर्ण वर चढवून दिली आहे.

फिजिओ_भुसावळ

हिशेब बिनचूक आहे, पण दोन प्रश्न विचारते. पूर्ण वर चढवल्यावर ती खुर्ची किती उंच होते? आणि मुलाचे पाय नेमके कुठे असतात?

पांझरा

खुर्ची ५० सेंमी होते. पायटेक म्हणून लाकडी पेटी ठेवली होती, ती आता टेबलाखाली कोपऱ्यात सरकलेली दिसली. मुलाचे दोन्ही पाय खुर्चीच्या चाकांच्या दांड्यांभोवती गुंडाळलेले होते. फोटो काढला आहे, पण तो इथे टाकत नाही.

फिजिओ_भुसावळ

बैठी उंची ७३ असेल तर अंतर साधारण २४ हवे, आणि तुमच्याकडे ते २६ आहे. दोन सेंमी जास्त. तो लिहीत असताना मागून पाहा: टेबल उंच असले की लिहिणाऱ्या हाताचा खांदा कानाकडे चढलेला दिसतो किंवा कोपर पंखासारखे बाहेर पसरते. टेबल खाली असले तर याउलट खांदे ठीक असतात, पण डोके वहीत शिरते. पाय दांड्यांना गुंडाळणे म्हणजे जमीन सापडत नाही याची खूण आहे. चाकांची खुर्ची तर टेबलाला जोर लावताच मागे जाते, म्हणून मूल पायांनी तिला धरून ठेवते.

उंच खुर्ची आणि पायटेक ही व्यवस्था चुकीची नाही. मात्र पायटेक रुंद आणि जड असावी, दोन्ही पाय हलवायला जागा असावी, आणि शक्य असल्यास ती खुर्चीलाच जोडलेली असावी. ५३ सेंमीच्या सुट्या खुर्चीत नऊ वर्षांची मुलगी चढताना पायटेकेच्या कडेवर एकच पाय ठेवते आणि खुर्ची कलंडते, असे मी पाहिले आहे.

केळीवाले नाना

पायटेक म्हणून केळीचे रिकामे कॅरेट पालथे घालावे. आमच्याकडे ढीग पडला आहे, फुकट नेता येईल.

वाघूरकाठ

नाना, कॅरेट मोजून सांगाल का?

केळीवाले नाना

एक फूट भरले. तुमच्या मुलीला चार इंच जास्त होते. मलाच वापरून पाहिले, तर गुडघे हनुवटीला लागले.

चोपडेकर

एवढा खटाटोप करण्यापेक्षा टेबल अडीच फुटाचे करावे, पाय आठ इंच कापावेत आणि कापलेले तुकडे जपून ठेवावेत. मुलगी वाढली की परत जोडता येतील. आमच्या शेजाऱ्यांनी तसेच केले होते.

सागवान

जोडलेल्या पायांचे टेबल लिहिताना डुगडुगते, आणि डुगडुगणारे टेबल मूल एका हाताने धरून बसते. शेजाऱ्यांकडे ते अजून वापरात आहे का?

चोपडेकर

त्यावर सध्या कुलर ठेवला आहे.

सागवान

वाघूरकाठ ताई, लाकूड अजून कापलेले नाही, ही जमेची बाजू आहे. मी असतो तर पाय दोन भागांचे केले असते. बाहेरच्या पायाला आतून दुसरा पाय लागून असावा, दोघांची एकमेकांवरची पकड सर्वांत उंच स्थितीतही किमान सहा इंच राहावी आणि प्रत्येक पायाला दोन नट-बोल्ट असावेत. एकच बोल्ट घातला तर पाय त्याभोवती फिरतो. भोके दीड-दीड इंचांवर पाडून घ्यावीत: २२, साडेतेवीस, २५ आणि साडेसव्वीस इंच.

दीड इंचच का, तेही सांगतो. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंमी वाढते. त्यातली बैठी उंची साधारण अडीच सेंमी, तिचा तिसरा हिस्सा पाऊण सेंमी, आणि बैठकीची वाढ सव्वा-दीड सेंमी. म्हणजे टेबलाला वर्षाला सुमारे दोन सेंमी लागतात आणि एक भोक जवळजवळ दोन वर्षे पुरते. वयात येताना वाढ एकदम होते, त्या काळात दर सहा महिन्यांनी मोजावे. खुर्चीलाही तेरा, चौदा, पंधरा, सोळा अशी सोय ठेवावी, कारण गुरुजींनी दाखवल्याप्रमाणे खरा फरक तिथेच पडतो.

एक गोष्ट मिस्त्रींना निक्षून सांगावी. फळीखाली, गुडघ्यांच्या वर, खण काढू नये. अंतर २३ सेंमी, त्यातली दोन सेंमी फळीची गेली, एकवीस उरली. चार इंची खण बसवला तर अकरा उरतात आणि मुलीची मांडीच जवळपास तेवढी जाड असते. मग ती खुर्ची मागे ठेवून लांबून वाकून लिहील आणि आपण म्हणू की मापे चुकली. खण बाजूला घ्यावा.

वाघूरकाठ

मिस्त्रींना मापे कागदावर लिहून दिली. "एवढे बुटके टेबल केले तर लोक मला हसतील," असे ते म्हणाले. कापण्याआधी खात्री करून घ्यावी, असे वाटते. काही युक्ती आहे का?

गुरुजी

टीपॉयखाली पुस्तके किंवा विटा रचून बावीस इंचांपर्यंत आणावे आणि तेरा इंचांच्या डब्यावर बसवून मुलीला तीन-चार दिवस रोजचा गृहपाठ करू द्यावा. पहिली पाच मिनिटे सगळीच मुले ताठ बसतात, त्यांवरून काही ठरवू नये. अर्ध्या तासानंतर, तिला न सांगता पाहावे.

वाघूरकाठ

चार दिवस पाहिले, त्याचा वृत्तान्त देते. टीपॉय सतरा इंची होता, त्याखाली विटा आणि जुने दिवाळी अंक घालून बावीस इंच केला. पहिल्या दिवशी ती छान बसली. दुसऱ्या दिवशी मराठीच्या शुद्धलेखनाला अर्धा तास लोटल्यावर पाहिले, तर पाय जमिनीवर सपाट होते आणि खांदे खाली होते, पण डोके वहीकडे जरा जास्त झुकलेले वाटले. दोन दिवाळी अंक वाढवले, म्हणजे टेबल साधारण दीड सेंमी वर गेले, तेव्हा मान सुधारली आणि खांदा चढला नाही. चित्र काढताना मात्र तिने स्वतःच ते अंक काढून टाकले आणि म्हणाली की कागदावर वरून पाहता येत नाही. आता अंतर २३ धरावे की साडेचोवीस?

फिजिओ_भुसावळ

तिचे डोळे तपासून घ्यावेत, असे मी आधी सुचवीन. टेबल योग्य उंचीचे असूनही डोके वहीत जात असेल, तर कधीकधी कारण टेबल नसून नजर असते.

सागवान

नजर तपासून घ्याच. ती ठीक असेल तर एक-दीड सेंमीचा फरक मुलाच्या सवयीचा समजावा. तिसरा हिस्सा हा सुरुवातीचा आकडा आहे, त्याच्या वर-खाली एवढी जागा राहतेच. माझ्या मते भोके दीड इंचाऐवजी एक-एक इंचावर पाडून घ्यावीत, म्हणजे बावीसवरून तेवीसवर नेऊन पाहता येईल.

पांझरा

चित्रासाठी खाली आणि लेखनासाठी वर, असे दर वेळी बोल्ट कोण काढणार?

गुरुजी

चित्रासाठी तिला उभे राहू द्या.

वाघूरकाठ

काल नजर तपासली, दोन्ही डोळे ठीक आहेत. मिस्त्रींनी पाय दोन भागांचे करायचे मान्य केले आणि भोके एक इंचावर पाडली. टेबल सध्या बावीस इंचांवर लावले असून खण उजवीकडे बाजूला आहे. खुर्चीची फळी त्यांनी सवयीने सोळा इंच कापून आणली होती, ती परत पाठवली. परवा ती तेरा इंच होऊन येईल. तोवर मुलगी डब्यावर बसते आहे.

पांझरा

मी फिरत्या खुर्चीची चाके काढून टाकली. त्यामुळे ती पाच सेंमी खाली आली आणि आता अंतर ३१ झाले आहे. सागवान सर, टेबलाचे पाय किती कापू?

सागवान

अजून काही कापू नका. आधी मुलाला कडक स्टुलावर बसवून मोजा.